लिहून द्या, काका

भाडे वाढवायचे असेल तर मे महिन्याचा शेवटचा आठवडा घरमालकाला सोयीचा असतो. मुलांचे प्रवेश झालेले असतात, गणवेश शिवायला टाकलेले असतात आणि जूनच्या तोंडावर बिऱ्हाड हलवणे कोणालाही परवडत नाही. अशा वेळी संध्याकाळी फोन येतो. एक तारखेपासून सहा हजार. जमत नसेल तर खोली रिकामी करा, गिऱ्हाईक तयार आहे.

ही वागणूक चुकीची आहे. तिला दारात उभे राहून भांडण करून उत्तर देऊ नका, मुकाट्याने सहा हजार देऊनही देऊ नका. तिला कागदावर उत्तर द्या. त्या कागदात काय असावे, काय नसावे आणि त्याने काय साधते, एवढेच आज सांगायचे आहे.

घोडेगावात हा प्रश्न दर वर्षी का येतो, ते आधी पाहू. आंबेगाव हे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याला नाव तेवढे उरले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. तहसील इथे, न्यायालय इथे, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथे, हायस्कूल आणि कॉलेजही इथे. त्यामुळे बदलीवर आलेला शिक्षक, तहसीलमधला लिपिक, दवाखान्यातली नर्स यांना खोली इथेच लागते. आणि आहुपे, भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवरून मुलांच्या शिक्षणासाठी खाली उतरलेली कुटुंबे असतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही की आई दोन मुलांना घेऊन खोली करते आणि बाप गावाकडे शेत सांभाळतो. या लोकांपाशी करारनामा नसतो. खोली दाखवली, डिपॉझिट दिले, किल्ली घेतली, झाले. मालकाला ते काका म्हणतात, आणि काकांकडे कागद मागायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. या भिडेपोटीच पुढे सगळे अडते.

उदाहरणादाखल असेच एक कुटुंब घेऊ. तळमजल्यावर दोन खोल्या. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये राहायला आले. भाडे 4,000, डिपॉझिट 15,000, सगळे तोंडी. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत फोनवरून मालकाच्या खात्यावर जाते. तीन वर्षांत एकदाही चुकलेले नाही, आणि मालकानेही तीन वर्षांत भाडे वाढवलेले नाही. 27 मे रोजी फोन येतो, एक जूनपासून 6,000. पाच दिवसांत निम्म्याने वाढ.

पहिली गोष्ट ही, की तोंडी ठरले म्हणून कुटुंब बेकायदा राहत नाही. महिन्याच्या महिन्याला भाडे देऊन जागेचा ताबा घेतलेला भाडेकरू हा महिनेवारी भाडेकरू असतो. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याला ओळखतो. भाडे हा दोघांनी मिळून ठरवलेला आकडा आहे. दोघांनी ठरवलेली गोष्ट एकट्याने फोन करून बदलत नाही. मालक जेव्हा सहा हजार म्हणतो, तेव्हा कायद्याच्या भाषेत त्याने एक प्रस्ताव मांडलेला असतो. भाडेकरूने तो मान्य केला तर भाडे वाढले. मान्य केला नाही तर जुने भाडे चालू राहते, आणि मालकाला हवे असेल तर त्याने ही भाडेदारी रीतसर संपवावी लागते. त्यासाठी याच कायद्याच्या कलम 106 प्रमाणे महिनेवारी भाडेकरूला 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती लेखी हवी, तिच्यावर सही हवी आणि ती पोस्टाने किंवा हातोहात पोचलेली हवी. 27 मेचा फोन यांतल्या कशातच बसत नाही.

दुसरा कायदा आहे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. हा कायदा भाडेकरूला बरेच संरक्षण देतो. पण तो राज्यातल्या प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही. ज्या गावांना तो लागू आहे त्यांच्या अनुसूची कायद्याला जोडलेल्या आहेत, आणि सरकार अधिसूचना काढून त्यात बदल करू शकते. म्हणून पत्रात या कायद्याची कलमे घालण्याआधी आपले गाव आणि आपली जागा त्यात येते का, हे न्यायालयातल्या वकिलाकडून पाहून घ्यावे. अनेक पत्रे इथेच फसतात. भाडेकरू कुठून तरी पाच कलमे उतरवतो, मालकाचा वकील एका ओळीत सांगतो की हा कायदा इथे लागूच नाही, आणि पत्रातला खरा मुद्दाही त्याबरोबर वाहून जातो.

जिथे हा कायदा लागू आहे तिथे कलम 11 प्रमाणे मालकाला भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढ करता येते. घरपट्टी वाढली किंवा मोठी दुरुस्ती झाली तर त्याचे नियम वेगळे. चार हजारांवर 4 टक्के म्हणजे 160 रुपये. काकांनी मागितले दोन हजार. याच कायद्याचे कलम 55 सांगते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती पाळली नाही तर मालकाला शिक्षा होऊ शकते. त्याहून कामाची गोष्ट अशी, की नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगतो ते धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे करार केला नाही याचा तोटा मालकाला व्हावा, अशी तरतूद आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज या कलमापुढे टिकत नाही.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार असेल तर गणित वेगळे होते. करारात लिहिलेले भाडे मुदत संपेपर्यंत तेच राहते, मध्येच वाढवता येत नाही. पण मुदत संपल्यावर मालक नवा आकडा मागू शकतो आणि तिथे 4 टक्क्यांचा आधार मिळत नाही. आपल्याकडे यांपैकी काय आहे, हे पत्र लिहिण्याआधी स्वतःशी नक्की करावे.

आणखी एक चूक हल्ली फार दिसते. भाडेवाढीआधी तीन महिन्यांची नोटीस द्यावीच लागते, असे लोक ठामपणे लिहितात. हे वाक्य 2021 च्या केंद्राच्या आदर्श भाडेदारी कायद्यातून आलेले आहे. तो राज्यांनी स्वीकारावा यासाठी केलेला नमुना आहे आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. कुटुंबाने आपल्या पत्रात तीन महिने लिहिले तर मालक पहिल्याच फटक्यात त्यांना खोटे पाडेल. वाढ एकतर्फी आहे आणि आम्हाला मान्य नाही, या एका वाक्यात जास्त बळ आहे.

आता पत्र. ते असे असावे.

प्रति,
श्री. ________ (घरमालक),
घोडेगाव, ता. आंबेगाव, जि. पुणे.

विषय : पूर्वसूचनेशिवाय सांगितलेल्या भाडेवाढीस हरकत.

स. न. वि. वि.

आपल्या घोडेगाव येथील घराच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांमध्ये मी कुटुंबासह तीन वर्षांपासून भाड्याने राहत आहे. आपल्यात ठरल्याप्रमाणे दरमहा भाडे 4,000 रुपये असून 15,000 रुपये अनामत रक्कम आपल्याकडे जमा आहे. मे महिन्यापर्यंतचे सर्व भाडे मी आपल्या बँक खात्यात वेळेवर जमा केले आहे. आजअखेर कोणतीही थकबाकी नाही.

27 मे रोजी सायंकाळी आपण फोन करून 1 जूनपासून भाडे 6,000 रुपये होईल असे सांगितले. या वाढीबाबत आपल्यात पूर्वी कोणतेही बोलणे झालेले नव्हते आणि आपण लेखी काही कळवलेले नाही. ही एकतर्फी वाढ मला मान्य नाही. ठरलेले 4,000 रुपये भाडे मी जूनपासूनही नियमित भरत राहीन.

तीन वर्षांत भाडे वाढलेले नाही, याची मला जाणीव आहे. दर वर्षी 4 टक्के धरले तर आज भाडे सुमारे 4,500 रुपये होते. आपण लेखी करार करून देणार असाल तर 1 ऑगस्टपासून या दराने भाडे देण्यास मी तयार आहे. करार होईपर्यंत जुना दर चालू राहील. माझे कायदेशीर हक्क राखून मी हा प्रस्ताव देत आहे.

आपले म्हणणे कृपया 15 दिवसांत लेखी कळवावे. दरम्यान पाणी व वीजपुरवठा आणि खोल्यांचा वापर पूर्वीप्रमाणे सुरू ठेवावा, ही विनंती. कळावे.

आपला भाडेकरू,
(सही, नाव, तारीख)

एवढेच. दीड पानाच्या वर जाऊ देऊ नका.

या पत्रात प्रत्येक परिच्छेदाला काम आहे. पहिल्या परिच्छेदात भाडे, अनामत आणि राहण्याचा काळ आला. तोंडी व्यवहाराला तारखेनिशी लेखी रूप इथे पहिल्यांदा मिळते. मालकाने पत्र घेऊन या आकड्यांवर काहीच आक्षेप घेतला नाही, तर पुढे न्यायालयात त्याचा उपयोग होतो. 15,000 रुपयांच्या डिपॉझिटची पावती नसलेल्या कुटुंबाला तर ही ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. खोली सोडताना डिपॉझिट बुडते ते याच पावतीच्या अभावी.

दुसऱ्या परिच्छेदात नकार स्पष्ट आहे, पण भाडे बंद केलेले नाही. इथे भाडेकरू मोठी चूक करतात. राग येतो आणि भाडे थांबवले जाते. त्या क्षणी भाडेकरू थकबाकीदार होतो आणि मालकाच्या हातात खरे कारण येते. भाडे नियंत्रण कायदाही संरक्षण देतो ते भाडे देणाऱ्याला किंवा देण्याची तयारी दाखवणाऱ्याला. मालकाने भाडे घ्यायला नकार दिला तर खात्यावर पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा, उदाहरणार्थ ‘जून भाडे 4000’. खाते बंद केले किंवा रक्कम परत आली तर मनी ऑर्डर करा. ती नाकारली गेली तर परत आलेला कागद जपून ठेवा, तो तुमच्या तयारीचा पुरावा आहे. रोख दिलेत तर पावती घ्या. भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तिथे पावती देणे मालकावर बंधनकारक आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच महाग पडते. सध्या सहा हजार देऊ, नंतर बोलू, असे म्हणून दोन महिने सहा हजार भरले की वाढ तुम्ही मान्य केली असाच त्याचा अर्थ निघेल. दबावाखाली भरावेच लागले तर ‘हरकत राखून’ हे शब्द लिहून कळवा आणि त्याच दिवशी कळवा.

तिसऱ्या परिच्छेदावर काही वाचक नाराज होतील. चार हजारांवर ठाम राहायचे सोडून साडेचार हजार का देऊ करायचे? देऊ करायचे, कारण मालकाची बाजूही खरी आहे. तीन वर्षांत सिमेंट महागले, गवंड्याची मजुरी वाढली, आणि खोल्यांवर घर चालवणारी एखादी विधवा बाईही मालकच असते. मुंबईत 1947 च्या जुन्या भाडे कायद्याने भाडी दशकानुदशके गोठवून ठेवली. डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे कायमचे गोठवणे अवाजवी ठरवले. त्यानंतर आलेल्या 1999 च्या कायद्यात दर वर्षी 4 टक्के आले. 4,000 चे पहिल्या वर्षी 4,160, दुसऱ्या वर्षी 4,326, तिसऱ्या वर्षी 4,499 होतात. हा आकडा कायद्यातल्या दराचा हिशेब लावून निघाला आहे, म्हणून त्यावर बोलणे होऊ शकते. सहा हजार हा आकडा फक्त शाळा उघडण्याच्या तारखेवरून निघाला आहे.

आणि देऊ करण्याचे एक व्यवहारी कारणही आहे, जे भाडेकरूला सांगायलाच हवे. भाडे नियंत्रण कायदा लागू नसेल तर मालक उद्या रीतसर 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेदारी संपवू शकतो. मग त्याला ताब्यासाठी दिवाणी दावा करावा लागेल, त्याला वेळ लागेल, पण शेवटी जागा सोडावी लागू शकते. पत्राने खोली कायमची आपली होत नाही. पत्राने पाच दिवसांचे पाच महिने होतात, आणि वाढीवर बोलायला दोघे एका पातळीवर येतात. दोन मुलांची सहामाही पार पडेपर्यंतचा वेळ हा आईच्या दृष्टीने फार मोठा विजय आहे.

शेवटच्या परिच्छेदातली पाणी आणि विजेची ओळ उगाच नाही. भाडे वाढत नाही म्हटल्यावर टाकीची मोटार नेमकी बिघडते, सबमीटरची वायर सुटते. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 प्रमाणे अत्यावश्यक सेवा तोडणे हा गुन्हा आहे आणि भाडेकरू न्यायालयात जाऊन ती पूर्ववत करून घेऊ शकतो. कुलूप लावून सामान बाहेर काढले तर कोणत्याही गावात आणखी एक आधार आहे. 1963 च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम 6 प्रमाणे, कायद्याची रीत न पाळता ताब्यातून काढलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो. घर मालकीचे आहे हे या दाव्यात मालकाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून आज खोलीचे, मीटरचे, सामानाचे फोटो काढून ठेवा. सामान रस्त्यावर आल्यावर ते सुचत नाही.

पत्र पोचवायची रीतही ठरलेली असावी. दोन प्रती काढा. एक हातात द्या आणि दुसरीवर ‘मिळाले’ असे लिहून तारखेसह सही घ्या. सही देत नसतील तर वाद घालू नका, पोस्टात जा. नोंदणीकृत पोस्टाची सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा खिडकीवर नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोचीचा पुरावा मागा. योग्य पत्त्यावर, पैसे भरून पाठवलेले पत्र पोचले असे कायदा गृहीत धरतो, आणि घेण्यास नकार दिला तरी तो शेरा तुमच्या बाजूने जातो. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. आणि 27 मेच्या फोनची नोंद दिसणारा स्क्रीनशॉट पुसला जाण्याआधी काढून ठेवा.

पत्राला अपमानाचा किंवा धमकीचा सूर लावू नका. हे पत्र मालकाच्या रागासाठी लिहिलेले नसते. उद्या ते न्यायाधीशाने वाचायचे असते. समोर त्यांना काका म्हणत असाल तर उद्याही म्हणा. पत्र दिल्याने नाते तुटत नाही, नात्याच्या जोरावर पाच दिवसांत दोन हजार वाढवल्याने तुटते.

आता राहिला पैशांचा प्रश्न. वकील परवडत नाही म्हणून माघार घेणाऱ्या कुटुंबांना हे कोणी सांगत नाही. घोडेगावच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. डोंगरातून मुलांना घेऊन खाली आलेली आदिवासी आई या दोन्ही कारणांनी पात्र आहे. आधार कार्ड, जातीचा दाखला, भाडे भरल्याच्या नोंदी आणि या पत्राची प्रत घेऊन जायचे. समितीकडून साधी नोटीस गेली तरी बहुतेक मालक बोलायला बसतात, आणि दोघांची तयारी असेल तर तडजोडही तिथेच लेखी होऊ शकते.

घरमालकांनाही एक सांगणे आहे. तुम्हाला भाडे वाढवायचा हक्क आहे. मार्चमध्ये सांगा, आकडा लिहून द्या, दर वर्षी किती वाढेल ते करारात घाला आणि करार नोंदवून घ्या. मग मे महिन्यात कोणाशी भांडावे लागणार नाही, आणि खोली रिकामी करून घ्यायची वेळ आली तर तुमचाच कागद तुमच्या कामी येईल.

ज्यांना असा फोन आला आहे त्यांनी एक तारखेची वाट पाहू नये. आज रात्रीच पत्र लिहा, उद्या पोस्टात टाका आणि पाच तारखेच्या आत जुने भाडे भरा.